‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हे खरंच चार्वाकाचं वचन आहे का?

खरडवही (धागाकर्ता)

चार्वाक म्हटलं की आपल्याकडे एकच ओळ निघते. जगा मजेत, कर्ज काढा पण तूप प्या. शाळेत गुरुजींनी सांगितली, पुढे व्याख्यानांतून ऐकली, मीही चारचौघांत फेकली आहे.

गेल्या महिन्यात वाचनालयात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संपादलेला सर्वदर्शनसंग्रह हाती लागला. भांडारकर संस्थेची 1924 ची आवृत्ती, पानं हात लावला की तुटतात. पहिलंच प्रकरण चार्वाकाचं. सुरुवातीला ग्रंथकार माधवाचार्य म्हणतात की सामान्य लोक पुढच्या ‘लोकगाथे’प्रमाणे वागतात, आणि श्लोक देतात:

यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः ।
भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः ॥

म्हणजे जिवंत आहोत तोवर सुखानं जगावं, मृत्यूच्या टप्प्याबाहेर कोणीच नाही, राख झालेला देह परत कुठून येणार. यात ना कर्ज, ना तूप.

प्रकरणाच्या शेवटी ‘हे सगळं बृहस्पतीनेही सांगितलं आहे’ म्हणून, म्हणजे चार्वाक मताचा मूळ आचार्य मानल्या जाणाऱ्या बृहस्पतीच्या नावावर, श्लोकांची माळ येते. तिच्यात हाच श्लोक परत आहे. पण आता ‘नास्ति मृत्योरगोचरः’च्या जागी ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ बसलंय. एकाच प्रकरणात, एकाच लेखकाने, एकच श्लोक दोन तऱ्हांनी दिलाय. चार्वाकांचा स्वतःचा ग्रंथ उरलेला नाही, जे आहे ते विरोधकांच्या तोंडून. मग यातलं कुठलं खरं, हे ठरवायचं कसं? जाणकारांनी सांगावं.

तात्या टेक्सासवाले

ठरवायचंय काय त्यात? चार्वाकाला ब्राह्मणांनी जिवंत जाळला, महाभारतात लिहिलंय, शांतिपर्व. ग्रंथही जाळले असणार. ज्यांनी माणूस जाळला त्यांनीच त्याचं मत लिहून ठेवलं, तर त्यातलं एक अक्षर खरं का मानावं? सगळं फेकून द्या आणि मोकळे व्हा.

सीमा_इचलकरंजी

धागा वाचून हसू आलं. आम्ही घरासाठी कर्ज काढलं तेव्हा सासरे हीच ओळ म्हणत रोज बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालायचे. वर ‘ऋण काढून सण करू नये’ हेही ऐकवायचे. त्यामुळे मला एवढंच कळून घ्यायचंय, चार्वाकाच्या मते गृहकर्ज चालतं की नाही? उत्तर हाताशी असलेलं बरं, एकदा सासऱ्यांना दाखवते.

पोथीवाला

सीमाताई, उत्तर देतो, आधी तात्यांचं बघू.

तात्या, शांतिपर्वातला प्रसंग एकदा मुळातून वाचा. युद्ध संपून युधिष्ठिर हस्तिनापुरात येतो, ब्राह्मण आशीर्वाद देत असतात, तेवढ्यात भिक्षूच्या वेशातला चार्वाक नावाचा राक्षस पुढे होतो. तो दुर्योधनाचा मित्र. तो म्हणतो, तू ज्ञातिबांधवांना मारलंस, गुरूंना मारलंस, धिक्कार असो तुझा. ब्राह्मण ‘हे आमचं म्हणणं नाही’ म्हणतात आणि हुंकाराने त्याला भस्म करतात. त्याच्या बोलण्यात परलोक नाही, आत्मा नाही, पृथ्वी-पाणी वगैरे महाभूतं नाहीत, प्रत्यक्ष-अनुमान काही नाही. नाव तेच, पण त्याला जडवादी म्हणायला त्या प्रसंगात आधार नाही. ग्रंथ जाळल्याचाही पुरावा तिथे नाही.

आता धाग्याचा प्रश्न. विरोधकाने लिहिलंय एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही, आणि खरंही ठरत नाही. वेगवेगळ्या गोटांतले, एकमेकांचंही न पटणारे विरोधक तीच ओळ तशीच देतात का, हे पाहायचं. काश्मीरचा जयंतभट्ट नैयायिक, वैदिक, नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो ‘न्यायमंजरी’त हा श्लोक ‘नास्ति मृत्योरगोचरः’ असाच देतो. सोमदेवसूरी जैन, दक्षिणेतला, त्याचं ‘यशस्तिलक’ शके 881 म्हणजे इ. स. 959 चं. त्यातही मृत्यूच आहे, तूप नाही. तिथे फक्त ‘देहस्य’ऐवजी ‘शान्तस्य’ आहे. माधव चौदाव्या शतकातला, विजयनगरच्या काळातला. म्हणजे तुपाचा पाठ जयंतानंतर चारशेहून अधिक वर्षांनी दिसतो, आणि तोही अशा प्रकरणात ज्याच्या सुरुवातीला जुना पाठ शाबूत आहे. कोलकात्याचे रामकृष्ण भट्टाचार्य यांनी हे सगळे पाठ एकत्र मांडून दाखवलं की तुपाचा चरण मागाहून घातलेला आहे. मला ते पूर्ण पटतं.

पण मला यापेक्षा वजनदार वाटतं ते जयंताचं दुसरं वाक्य. तो लोकायताला, म्हणजे चार्वाकांच्याच मताला, शिव्या घालण्यात कुणाला हार जाणारा नाही, ‘धूर्त’ वगैरे म्हणतोच. तरी लिहितो:

नहि लोकायते किंचित् कर्तव्यमुपदिश्यते ।
वैतण्डिककथैवासौ न पुनः कश्चिदागमः ॥

लोकायतात ‘अमुक करा’ असा उपदेशच नाही, ती नुसती दुसऱ्याचं खोडून काढणारी चर्चा आहे. लगेच तो स्वतःच शंका घेतो: पण ‘यावज्जीवं सुखं जीवेत्’ असं सांगितलंय ना? आणि उत्तर देतो, नाही, सुख हवं असणं हा स्वभावच आहे, त्याचा उपदेश करणं वायफळ. आता विचार करा, त्याच्यासमोरच्या श्लोकात ‘कर्ज काढून तूप प्या’ असतं तर त्याने ते सोडलं असतं? उपदेश कुणी द्यायची गरज नसलेला तो ‘स्वभाव’ आणि कर्ज काढणं यांचं जमलंच नसतं. त्याने त्यावर दोन पानं तरी झोडपलं असतं.

सीमाताई, तेव्हा गृहकर्जाबद्दल चार्वाक काही बोलल्याचं आपल्या हाती नाही. सासऱ्यांची ओळ माधवाची.

सीमा_इचलकरंजी

म्हणजे सासरे माधवाचार्यांच्या बाजूचे. सांगते.

उपासक

वरचं विवेचन एकांगी वाटलं. माधवाचार्यांनी सोळा दर्शनं मांडली, प्रत्येकाला त्याच्या बाजूने बोलू दिलं. त्यांनी मुद्दाम ओळ बदलली म्हणणं हा अन्याय आहे. त्यांच्या काळापर्यंत लोकांत दोन्ही पाठ चालू असतील, त्यांनी दोन्ही नोंदवले, एवढंच.

आणि एक सांगा, श्लोक कोणताही असो, चार्वाक अनुमान मानत नव्हता, यावर तर सगळ्यांचं एकमत आहे. अशा दर्शनाला गंभीरपणे काय घ्यायचं? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्याची छान फिरकी घेतली आहे. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायचं, तर बिचारा चार्वाक घराबाहेर पडला की बायकामुलं दिसेनाशी होतात; मग ती नाहीतच असं ठरवून त्याने छाती पिटत रडायला हवं, परत घरी जायचं कारणच उरत नाही!

तात्या टेक्सासवाले

उदयनाचार्यांचा विनोद भारी आहे, मान्य. पण सोळा दर्शनांत चार्वाकालाच पहिला नंबर का, हेही सांगा की. जिना चढताना सगळ्यात खालची पायरी.

उपासक

मांडणीचा क्रम तसाच आहे, खालून वर अद्वैतापर्यंत. त्यात लपवाछपवी काही नाही.

खरडवही (धागाकर्ता)

उपासकजी, दोन्ही पाठ लोकांत असतील हे शक्य आहे. पण त्याच शेवटच्या माळेत मला आणखी एक गोष्ट खटकली. तिथे यज्ञातल्या पशुवधाची टर उडवली आहे: ज्योतिष्टोमात मारलेला पशू स्वर्गाला जात असेल, तर यजमान स्वतःच्या बापालाच का मारत नाही? आणि पुढे ‘मांसानां खादनं तद्वन्निशाचरसमीरितम्’, मांस खाणं हे निशाचरांनी सांगितलेलं आहे. एकीकडे हाच चार्वाक म्हणे मांसमदिरेत बुडालेला भोगी, आणि त्याच्याच नावावरचा श्लोक मांसाहाराला राक्षसी ठरवतो. एकच माणूस दोन्ही कसं म्हणेल?

पोथीवाला

बरोबर जागी बोट ठेवलंत. ‘बापाला का मारत नाही’ हा प्रश्न विष्णुपुराणातही आहे, तिसऱ्या अंशात, मायामोहाच्या कथेत. तिथे तो चार्वाकाच्या तोंडी नाही. असुरांना वेदापासून फोडायला विष्णूने निर्माण केलेला मुंडन केलेला, दिगंबर मायामोह तो बोलतो. वर्णन उघडउघड जैन-बौद्ध श्रमणांचं आहे. पशुवधाची चीड आणि मांसाचा तिटकारा त्यांच्यात बसतो. माधवाच्या काळापर्यंत वेदनिंदा करणारी जी जी वचनं फिरत होती ती सगळी चार्वाकाच्या खात्यावर जमा झाली, असं मला दिसतं. त्यासाठी माधव अप्रामाणिक असायची गरज नाही, उपासकजी. समोर उलट बोलायला चार्वाक उरलाच नव्हता. जैन, बौद्ध असते तर त्यांनी लगेच हटकलं असतं.

आता अनुमान. ‘सगळ्यांचं एकमत’ नाही. कमलशील हा आठव्या शतकातला बौद्ध आचार्य, शांतरक्षिताचा शिष्य, गुरूच्या ‘तत्त्वसंग्रहा’वर पंजिका लिहिली. लोकायताचा कट्टर विरोधक. तो नाव घेऊन सांगतो की चार्वाकांचाच आचार्य पुरंदर म्हणतो, लोकप्रसिद्ध अनुमान चार्वाकांनाही मान्यच आहे. लौकिक मार्ग ओलांडून काहीजण जे अनुमान करतात तेवढं आम्ही नाकारतो.

धूर दिसला की आग आहे हे पुरंदर मानतो, कारण डोंगरावर चढून पाहता येतं, चुकलं तर कळतं. यज्ञावरून स्वर्ग, कर्मावरून पुढचा जन्म, इथे एक टोक कोणीच कधी पाहिलेलं नाही, जाऊन पडताळायची सोय नाही. तिथे तो थांबतो. असा माणूस घराबाहेर पडल्यावर बायकोसाठी रडणार नाही, कारण घरी परत जाऊन बघता येतं. उदयनाचा विनोद पुरंदराला लागत नाही. दुसऱ्या कुठल्या चार्वाकाला लागत असेल तर असेल.

रमाई_नगर_वाचक

नागपूरहून. मी पाली शिकतेय, संस्कृतात फार गती नाही, पण एक भर घालते. तुम्ही सगळे आठव्या-नवव्या शतकापासून सुरू करताय. दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रू भगवंतांना सांगतो की मी आधी सहा आचार्यांना भेटून आलो. त्यातला एक अजित केसकंबली. त्याचं म्हणणं: दान नाही, यज्ञ नाही, परलोक नाही, माणूस चार महाभूतांचा बनलेला, मेला की पृथ्वी पृथ्वीत जाते, पाणी पाण्यात, तेज तेजात, वायू वायूत. चार माणसं आणि पाचवी तिरडी, प्रेत घेऊन जातात. स्मशानापर्यंत त्याची स्तुती ऐकू येते. मग हाडं कबुतराच्या रंगाची होतात आणि आहुत्यांची राख.

यात सुखाचा शब्द नाही. आणि हा माणूस केसांचं कांबळं पांघरायचा, म्हणून ते नाव. अंगुत्तरनिकायात या कांबळ्याला विणलेल्या कापडांत सगळ्यात वाईट म्हटलंय, थंडीत थंड, उन्हात गरम, अंगाला घाण, वास येणारं. असा माणूस तूप प्यायला सांगेल? त्याच्या तर अंगावर धड कापडही नाही.

त्याच यादीत संजय बेलट्ठिपुत्तही आहे, तो तर परलोक आहे असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही, दोन्ही आहे, दोन्ही नाही, काहीच कबूल करत नाही. अजातशत्रू त्याला सगळ्यांत मूर्ख ठरवतो. मला मात्र तो सगळ्यांत सावध वाटला.

पोथीवाला

ताई, अगदी हवा होता तोच प्रतिसाद. एक पथ्य मात्र पाळू या: सुत्तही विरोधकाचंच लिखाण आहे. तिथे सहाही आचार्य ठरीव साच्यात बोलतात, म्हणून त्यांचे शब्द अजिताचेच मानायला मी कचरतो. पण कांबळ्याचा तपशील खरा वाटतो. कारण त्याने बौद्धांचा वादात काही फायदा होत नाही. उलट ‘परलोक न मानणारा चैनीत लोळतो’ या चित्राला तो छेदच देतो.

हीच कसोटी कमलशीलाला लावा. चार्वाकांचं एक सूत्र आहे, ‘तेभ्यश्चैतन्यम्’, त्या चार भूतांपासून चैतन्य. सूत्रात क्रियापद नाही. कमलशील नोंदवतो की त्यांच्यातले काही वृत्तिकार इथे ‘उत्पन्न होतं’ असं जोडतात, काही ‘व्यक्त होतं’ असं. म्हणजे धान्य आंबवल्यावर मद्यात नशा येते ती नव्याने तयार होते, की दडलेली होती ती बाहेर येते, असा त्यांचा घरातला वाद. शत्रूला हा वाद जपून ठेवायची गरज काय होती? त्याच्यासमोर टीकांसह त्यांचा ग्रंथ होता म्हणूनच हे लिहिता आलं. कुणी नुसतं ऐकीव चार्वाकावर लिहीत असता तर त्याला हे सुचलंही नसतं.

दाभोळकरीण_चिपळूण

मी उशिरा आले. माझा प्रश्न जरा घरगुती आहे. यंदा सासूबाईंच्या श्राद्धाला नवऱ्याने ‘नको’ म्हटलं आणि मोठ्या दिरांनी बोलणं टाकलंय. ‘मेलेल्याला श्राद्धाने तृप्ती होत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची’ असा चार्वाकाचा श्लोक आहे ना? तो पण माधवाचाच बनाव म्हणायचा का? नवरा तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकायच्या बेतात आहे.

पोथीवाला

ताई, टाकायचा की नाही ते तुम्ही घरात ठरवा, माझं मत विचाराल तर नका टाकू. पण हा युक्तिवाद तुपासारखा एकाच ठिकाणी लटकलेला नाही. रामायणात अयोध्याकांडात जाबाली रामाला हेच सांगतो: इथे एकाने खाल्लेलं दुसऱ्याच्या देहात जात असेल, तर प्रवासाला गेलेल्याच्या नावाने श्राद्ध घाला, वाटेत त्याला खायला न्यायला नको. विष्णुपुराणात मायामोहाच्या तोंडीही हेच आहे. शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांचे, मुद्दा तोच. म्हणजे तो जुना आणि पसरलेला आहे, एवढं खात्रीने म्हणता येतं. मुळात चार्वाकांचाच, की वेद न मानणाऱ्या सगळ्यांचा सामाईक, हे नाही सांगता येत.

उपासक

आणि जाबाली शेवटी माघार घेतो, तेही सांगा. राम रागावल्यावर म्हणतो, मी नास्तिक नाही, तुम्हाला परत नेण्यासाठी तसं बोललो.

दाभोळकरीण_चिपळूण

हे बरं झालं कळलं. दिरांना रामायण पाठ आहे, त्यांनी हेच तोंडावर मारलं असतं.

पाटणकर

सगळ्यांचं वाचलं. पण ‘चार्वाकांचा एकही ग्रंथ नाही’ हे गृहीत धरूनच सगळे बोलताय, त्याला माझी हरकत आहे. जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ आहे की. पाटणच्या जैन भांडारात ताडपत्र सापडलं, सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी संपादून 1940 साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापलं. जैनांनी सांभाळलं, हे तात्यांनी विशेष लक्षात घ्यावं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच बृहस्पतीचं सूत्र येतं, पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं. आणखी काय हवं?

पोथीवाला

सूत्र येतं, पण ते कशासाठी येतं ते पाहा. जयराशी म्हणतो, सूत्राचा हेतू ही तत्त्वं सिद्ध करण्याचा नाहीच. जगात प्रसिद्ध असलेली पृथ्वी वगैरेही विचार केला की टिकत नाहीत, मग बाकीच्यांची काय कथा. पुढे तो प्रत्यक्षही मोडीत काढतो. नैयायिकांची व्याख्या घेतो, बौद्धांची घेतो, मीमांसकांची घेतो, एकेक करून उडवतो आणि स्वतःची एकही देत नाही. ज्याचा प्रत्यक्षावर भरवसा नाही आणि जो चार भूतंही सोडतो, तो पुरंदराचा भाऊबंद कसा? मी त्याला संजयाच्या वाटेवरचा म्हणेन, जरी दोघांत बाराशेच्या आसपास वर्षांचं अंतर असलं तरी.

पाटणकर

तो बृहस्पतीचं नाव आदराने घेतो, त्याच्या सूत्राला स्वतःच्या बाजूचा अर्थ देतो. दुसऱ्या घरातला माणूस हे कशाला करेल? आणि जयंताचा तो श्लोक तुम्हीच दिलात: लोकायत म्हणजे दुसऱ्याचं खोडणारी चर्चा, स्वतःचा उपदेश काही नाही. हे वर्णन पुरंदरापेक्षा जयराशीलाच जास्त लागू होतं. जयंताच्या डोळ्यासमोर कोण होतं मग?

पोथीवाला

तो प्रश्न मलाही अडतो. जयंत ‘सुशिक्षित चार्वाक’ म्हणून एक वेगळा गट सांगतो, त्यातला एक उद्भट असावा, कारण ‘न्यायमंजरी’च्या ग्रंथिभंग टीकेत चक्रधर त्याचं नाव घेतो. उद्भट सूत्रांचे अर्थ इतके फिरवतो की तो चार्वाक राहतो की नाही अशी शंका यावी. जयराशीबद्दल अभ्यासकांत अजून दोन तट आहेत आणि मी त्याला चार्वाक न मानणाऱ्यांच्या तटावर आहे. तुमचा आदराचा मुद्दा मात्र माझ्याकडून खोडता येत नाही.

तात्या टेक्सासवाले

म्हणजे एवढी भांडणं असलेला पंथ होता आणि आम्हाला शाळेत फक्त तूप दिलं. साळुंखे सरांनी पुस्तकाचं नाव ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ ठेवलं तेव्हा मला वाटलं नुसती गंमत आहे.

खरडवही (धागाकर्ता)

गंमत नाही तात्या, उत्तर आहे. माधवाने पहिल्या प्रकरणात त्याला ‘नास्तिकशिरोमणि’ म्हटलंय, त्याची ती परतफेड दिसते.

पाटणकर, तुमच्याकडे तत्त्वोपप्लवसिंहाचा तो सुरुवातीचा भाग असेल तर इथे टंकाल का? सूत्रानंतरच्या चार-पाच ओळी. पोथीवाल्यांचा अर्थ आणि तुमचा अर्थ शेजारीशेजारी ठेवून बघू.

पाटणकर

आहे. रविवारी टंकतो, पदच्छेद करून.